मापवहीतली गाठ

माझ्या छातीतली गाठ सापडली तेव्हा मी राणी होते. अंगावर जांभळ्या मखमलीचा झगा, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट आणि पायात नेहमीच्या झिजलेल्या चपला, अशा थाटात मी आमच्या शिवणाच्या दुकानात स्टुलावर उभी होते. एका नाटक कंपनीची ऑर्डर होती. एक राजा, एक राणी आणि अठरा शिपाई. शिपाई गुणी होते, एकेक करून येऊन माप देऊन गेले. राणीचं काम करणाऱ्या बाईंना मात्र ट्रायलला यायला वेळ नव्हता. त्यांचं आणि माझं माप इंचभर इकडेतिकडे सोडलं तर एकच, म्हणून त्यांच्या जागी मी उभी राहायचे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी फुकटात राज्य मिळालं तर कोण नाही म्हणेल?

टाचण्या लावत होती माझी धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान, काटकुळी, आणि बोलली की टोचणारी, म्हणून लहानपणापासून तिला सगळे टाचणीच म्हणतात. दुकान आम्हा दोघींचं. कापणं माझं, माप घेणं आणि फिटिंग तिचं. ती शिवण्याइतकंच मनापासून लिहितेही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं मापवहीत एक पान असतं, आणि त्या पानावर मापांच्या शेजारी ‘डावा खांदा उतरता’, ‘पोट आत घेऊन उभे राहतात, फसू नये’ असले शेरे.

"हलू नकोस," तोंडातल्या टाचण्यांमधून ती म्हणाली.

"मी हलत नाहीये. श्वास घेतेय."

"मग तो घेऊ नकोस."

झगा उजवीकडे नीट बसत नव्हता. टाचणीने तिथलं कापड ओढलं, सोडलं, बोटाने दाबलं. मग पुन्हा दाबलं.

"ताई, अस्तरात काय राहिलंय तुझं? चिंधी गुंडाळली गेलीय आत."

"माझ्या शिवणात चिंधी राहत नाही," मी म्हटलं. हा माझ्या मानाचा प्रश्न होता.

तिने गळ्यातून सरळ हात आत घातला, अस्तर चाचपलं, मग अस्तराच्या आत चाचपलं. तिने एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. ती टाचण्या काढून बोलते तेव्हा गोष्ट गंभीर असते.

"हे अस्तरात नाहीये. हे तुझं आहे."

मी स्वतः हात लावून पाहिला. होतं खरं. सुपारीहून थोडं मोठं, गोल, बोटाखालून सटकणारं. मी घाबरले आणि त्याच क्षणी मला हसू फुटलं. टाचणीलाही. आमच्या घराण्यात भीती हसण्याच्या वाटेने बाहेर पडते, त्याला इलाज नाही. आमची आई जिन्यावरून पडून मनगट मोडून बसली होती, तेव्हा प्लास्टर वाळेपर्यंत ती हसत होती आणि डॉक्टरांना वाटलं, डोक्यालाही मार लागलाय. तर एक राणी स्टुलावर आणि एक टाचणी जमिनीवर, अशा आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मुकुट पडला. मग एकदम थांबलो.

"उद्या डॉक्टरकडे," टाचणी म्हणाली.

"ऑर्डर झाल्यावर. वीस दिवसांवर प्रयोग आलाय. अठरा कोट आहेत."

"ठीक आहे. मग अठरा कोटांची फिटिंग तूच कर. मी हात लावणार नाही."

माझ्या फिटिंगमध्ये शिपाई सलाम ठोकायला गेले असते तर बाह्या काखेत राहिल्या असत्या. हे तिलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात होते.

आमच्या डॉक्टरीणबाई आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी आधी वीस प्रश्न विचारले. कधीपासून, दुखते का, पाळीच्या आधी वाढते का, बोंडातून काही येतं का, आई, मावशी, आत्या कुणाला काही झालं होतं का. मग तपासलं. मला वाटलं होतं, गाठीवर बोट ठेवतील आणि निकाल देतील. त्यांनी सुरुवात चांगल्या बाजूने केली. बसवून पाहिलं, हात वर करायला लावून पाहिलं, कमरेवर हात दाबून पाहिलं, आडवं करून बोटांच्या पोटांनी सगळीकडे फिरून आल्या, मग दोन्ही काखा, मग गळपट्टीच्या हाडांच्या वरची जागा. मी मनात म्हटलं, बाई शिवणाच्या धंद्यात असत्या तर मापात चुकल्या नसत्या.

"गुळगुळीत आहे, हलते, कातडीला कुठे धरलेलं नाही. ही चांगली लक्षणं," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या हाताने मी काही ठरवणार नाही, आणि कुणी ठरवलं तर ऐकूही नका. तीन गोष्टी लागतात. हाताने तपासणं, फोटो आणि गरज पडली तर सुई. तिन्हींचं एकमेकांशी जुळलं तरच सोडायचं."

"म्हणजे माप, कागदी कापणी आणि ट्रायल," टाचणी म्हणाली.

"तसंच समजा."

"मग घाई किती आहे?" मी विचारलं. "माझी ऑर्डर आहे म्हणून विचारते."

"आज ॲम्ब्युलन्स बोलवायची गोष्ट नाही. आणि ऑर्डर संपेपर्यंत थांबायचीही नाही. दोन आठवड्यांच्या आत स्तनांच्या तपासणीच्या क्लिनिकमध्ये पोचायचं. मी चिठ्ठी देते." त्यांनी तिथूनच फोन लावला. नवव्या दिवसाची सकाळ मिळाली. निघताना त्या म्हणाल्या, "आणि एक करा. सारखं चाचपू नका."

हे वाक्य त्यांनी मला सांगितलं. टाचणीने ते स्वतःला लागू केलं नाही.

त्याच दुपारी तिने मापवहीत माझं नवं पान उघडलं. वर तारीख, खाली दोन रकाने. एक ‘ताई’, दुसरा ‘मी (तुलनेसाठी)’. तिचं म्हणणं असं की क्लिनिकमध्ये मोकळ्या हाताने जाणं आम्हाला शोभत नाही, आपण मापं घेऊन जाऊ. मीही नको म्हटलं नाही. टेप हातात असला की आम्हा दोघींनाही जरा धीर येतो, हे खोटं कशाला बोलू. पद्धत अशी, की तिने दोन बोटांच्या चिमटीत गाठ धरायची, खडूने दोन्ही कडांना खुणा करायच्या आणि खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं. सकाळ, दुपार, दुकान बंद करताना. पहिल्या दिवशी भरलं एक इंच.

मग ती तुलनेसाठी ट्रायल रूममध्ये आरशासमोर गेली. मी बाहेर शिपायांचे कोट कापत होते.

"ताई, माझ्याकडे गाठबिठ काही नाही," पडद्याआडून आवाज आला. "उलट डावीकडे खळगा आहे. हात वर केला की छान टक्स पडतो, चिमटून शिवल्यासारखा. रेडीमेड."

"बरंय," मी कात्री न थांबवता म्हटलं. "तेवढंच कापड वाचेल."

आम्ही दोघी हसलो. तिने ते वहीत लिहिलं आणि आम्ही विसरून गेलो.

चौथ्या दिवशी माझी गाठ एक इंच एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त, भरली. सातव्या दिवशी एक इंच दोन सूत, आणि आता ती दुखायलाही लागली होती. टाचणीने हिशेब मांडला की या वेगाने प्रयोगाच्या दिवसापर्यंत तिचं कलिंगड होईल आणि राणीचा झगा पुन्हा कापावा लागेल. मी हसले, पण कात्री खाली ठेवली. तिने क्लिनिकला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, ताप आहे का, कातडी लाल झालीय का, पू वगैरे. यातलं काहीच नव्हतं. मग परवाची तारीख आहेच, या, ती म्हणाली. टाचणी फोन ठेवून म्हणाली, "दोन सूत वाढलीय म्हटलं तर म्हणते, सूत म्हणजे काय. अशा माणसांच्या हाती आपण."

क्लिनिक एका मोठ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. सगळ्या तपासण्या एकाच सकाळी व्हायच्या. आम्हा सात-आठ बायकांना गाऊन घालून एका बाकावर बसवलं होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. आणि टाचणी माझ्या पाठीशी उभी राहून माझ्या गाऊनची शिवण उलटी करून पाहत होती.

"बघ ना. बंद मागे लावलेत आणि पुढून तपासायचंय. कुणी कापला असेल हा?"

"गप्प बस."

"आणि एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. तुमचीही बघू हो." हे शेजारच्या बाईंना. त्या बाईंनी निमूट हात पुढे केले. त्यांचीही एक बाही बोटभर लांब होती. मग पलीकडच्या बाईंनी आपले हात पुढे केले. पाच मिनिटांत सगळा बाक हात पुढे धरून बाह्या जुळवत बसला होता. आधी एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. आतून नर्स पाहायला आली की इथे काय चाललंय.

तपासणाऱ्या सर्जन एक उंच, मोकळ्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनीही पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारले, पहिल्यापासून तपासलं, आणि उजवीकडे आल्यावर थांबल्या.

"इथे मार लागलाय का? काळंनिळं झालंय. आणि हे पांढरं काय आहे?"

"खडू," मी म्हटलं.

टाचणीने मग सगळं कबूल केलं. चिमटी, टेप, दिवसातून तीनदा. सर्जनबाईंनी ओठ दाबून धरले. "म्हणजे आठ दिवस तुम्ही त्या गाठीला पिळताय. मग आजूबाजूला सूज येणारच, आणि टेप ती सूजही मोजणार. अशा गाठी पाळीच्या आसपासही कमीजास्त होतात. शिवाय घाई किती, हे आम्ही आठवड्याच्या वाढीवरून ठरवत नाही. गाठ कशी लागते, हलते का, कातडी किंवा बोंड आत ओढलंय का, काखेत काही आहे का, वय काय, हे पाहतो. ती वही आणलीय?"

"आणलीय की."

"आधी फोटो होऊ दे. मग दाखवा. मला बघायचीच आहे."

मॅमोग्राफीच्या मशीनचं वर्णन मी करणार नाही. दोन सपाट पाट्या असतात आणि मध्ये आपण असतो, एवढं पुरे. दोन मिनिटांचं काम. त्या मुलीने मला उभं केलं, खांदा धरून वळवलं आणि म्हणाली, "आता हलू नका. श्वासही घेऊ नका."

झालं. मला टाचणी दिसली, तोंडात टाचण्या धरलेली. मी हसले आणि फोटो हलला. दुसऱ्यांदा हसायचं नाही असं ठरवलं म्हणून पुन्हा हसले. तिसऱ्या वेळी त्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. डॉक्टरांनी गार जेली लावून यंत्र फिरवलं आणि पडद्यावर एक काळा कुळकुळीत गोल उगवला. काळं म्हणजे वाईट, असं मी धरून चालले होते.

"काळं दिसतंय ते पाणी," डॉक्टर म्हणाले. "कडा पातळ, आत काही घट्ट नाही. साधी पाण्याची पिशवी आहे. दुखतेय तर काढून टाकू?"

सुई मी पाहिली नाही, पडद्यावर मात्र पाहिली. एक पांढरी रेघ त्या काळ्या गोलात शिरली आणि गोल बसत गेला. एक घोटभर हिरवट पाणी सिरिंजमध्ये आलं. रक्त नव्हतं, म्हणून ते पुढे तपासायचीही गरज नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा यंत्र फिरवून पाहिलं, मागे काही उरलं नव्हतं. मी हात लावला. जिच्यासाठी मी आठ दिवस मनातल्या मनात माझ्या कात्र्या वाटून टाकल्या होत्या, ती गाठ जागेवरच नव्हती.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी टाचणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, तिने तिथेच कॉरिडॉरमध्ये चाचपून पाहिलं. मग मला मिठी मारून ती नाचायला लागली. मीही गाऊनचे बंद एका हाताने धरून नाचले. बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी कुणी मला नाटकात घेतलं असतं तर राणीचं काम मी सहज करून दाखवलं असतं.

सर्जनबाईंच्या खोलीत शेवटचं बसायचं होतं. मॅमोग्राम ठीक, सोनोग्राफीत साधी पाण्याची पिशवी, हाताला तसंच लागलं होतं. तिन्ही जुळलं. पुन्हा भरली किंवा नवीन काही लागलं तर या, नाहीतर सुट्टी, त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, "आता वही."

टाचणीने मोठ्या डौलात वही उघडून दिली. सर्जनबाई मोठ्याने वाचू लागल्या. "‘सकाळ, एक इंच. ताई कुरकुरते. दुपार, एक इंच. ताई शिव्या देते.’ हे फार छान आहे. ‘चौथा दिवस, एक इंच एक सूत. ताई म्हणते कात्री तुला.’" आम्ही तिघी हसत होतो. त्यांची नजर पलीकडच्या रकान्यावर गेली. "‘मी, तुलनेसाठी. उजवीकडे काही नाही. डावीकडे हात वर केला की...’"

त्या पुढचं मोठ्याने वाचलं नाही. हसू त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं नाही, फक्त थांबलं.

"हा टक्स कधीपासून आहे?"

"असेल दोनेक महिने," टाचणी अजून हसतच होती. "बारीक झालेय ना मी. दुखत वगैरे काही नाही."

"दुखत नाही हे बरं, पण मला त्यावर भागणार नाही. इथे बसा जरा. मला पाहू द्या."

"माझा कुठे केसपेपर आहे? मी तर सोबत आलेय."

"कागदाचं मी बघते."

टाचणी ब्लाउज काढून बसली. सर्जनबाईंनी तिला हात वर करायला सांगितले. मी समोरच्याच खुर्चीत होते. डावीकडे खालच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, कातडी आत ओढली गेली होती. कुणीतरी आतून दोरा ओढून धरावा तशी. पंचवीस वर्षं मी कापडाला टक्स घालतेय. टक्स घालावा लागतो, तो आपोआप पडत नाही. हे मला त्या क्षणी कळलं, आणि आठ दिवसांपूर्वी पडद्याआडून तिने सांगितलं तेव्हा मी काय बोलले होते तेही आठवलं. तेवढंच कापड वाचेल. मला ते वाक्य कात्रीने कापून टाकावंसं वाटलं.

सर्जनबाईंची बोटं त्या जागी हळूहळू फिरली. "इथे थोडं कडक लागतंय. कडा नीट कळत नाहीत. ताईंची गाठ बोटाखालून पळत होती, ही पळत नाही." त्यांनी टाचणीच्या डोळ्यांत पाहिलं. "हे काय आहे ते मी आत्ता सांगणार नाही, कारण आत्ता मला माहीत नाही. पण हे तपासायला मी दोन आठवडे देणार नाही. आजच करू."

टाचणी माझ्याकडे पाहत होती. आम्हा दोघींनाही हसू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच भीतीला तिची वाट सापडत नव्हती.

मॅमोग्राफीच्या दाराबाहेर मी उभी होते. आतून त्या मुलीचा आवाज आला, "आता हलू नका. श्वासही घेऊ नका." मी कान देऊन ऐकलं. टाचणी हसली नाही. फोटो पहिल्याच वेळी नीट आला. त्यात एक छोटी पांढरी सावली होती, कडांना काटे असल्यासारखी. सोनोग्राफीत तीच जागा दिसली, काखही पाहिली, काखेत वावगं काही दिसलं नाही. मग जागा बधिर करून जाड सुईने तुकडे काढायचे होते. पातळ सुईने नुसत्या पेशी येतात, तुकडा आला की नेमकं काय आहे ते नीट कळतं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. सुई बंदुकीसारख्या यंत्रात होती आणि दर वेळी टक्क आवाज यायचा. तो मी भिंतीपलीकडून मोजला, चार वेळा.

टाचणी पट्टी दाबून बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, प्रेसबटणं बसवलीत," ती म्हणाली. "चार. एक सरळ रेषेत असेल तर शपथ."

आणि आम्ही हसलो. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून, एकमेकींना धरून, नर्सने पाणी आणून देईपर्यंत हसलो. त्यातलं रडणं किती होतं ते मोजायला आमच्याकडे टेप नव्हता.

निकालाला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी कोट संपवले. कामात हात घातला की डोकं थांबतं म्हणतात, माझं थांबलं नाही. मी तिच्यावर चिडत होते, की दोन महिने आरशात पाहतेस आणि बोलत नाहीस. स्वतःवर त्याहून जास्त चिडत होते, की ती बोलली होती, मीच कोट कापत होते. टाचणीचा नवरा, शाळेत गणित शिकवतो म्हणून आम्ही त्याला गुरुजी म्हणतो, तो रोज येऊन दुकानात बसायचा आणि बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायचा. पाचव्या दिवशी त्याने सगळी बटणं पुन्हा एकत्र केली आणि पहिल्यापासून वेगळी करायला घेतली. मी त्याच्यापुढे बटणांचा आणखी एक डबा सरकवला.

सर्जनबाईंनी आम्हा तिघांना बसवलं आणि आडवळणं घेतली नाहीत. "कॅन्सर आहे. लहान आहे. चौदा मिलिमीटर."

"इंचात सांगा," टाचणी म्हणाली.

गुरुजींनी मान खाली घालून सांगितलं, "अर्धा इंच. आणि अर्धं सूत."

"एवढंच? आमचं एखादं बटण याहून मोठं असतं."

"म्हणूनच मी नीट बोलू शकतेय," सर्जनबाई म्हणाल्या. "सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसतेय, नक्की ऑपरेशनमध्ये कळेल. या प्रकाराला हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात. स्तन काढायची गरज नाही. गाठ काढायची आणि भोवतीचा थोडा चांगला भाग सोबत घ्यायचा, म्हणजे कडेला काही उरत नाही. तुम्ही शिलाईला कापड सोडता ना, तसंच. काखेत प्रत्येकाला बारीक गाठी असतातच, त्यांतल्या एक-दोन तपासायला काढू. मग काही आठवडे रेडिएशन."

"किती घाई?" हे मी विचारलं.

"उद्या नाही. पुढचा महिनाही नाही. बाराव्या दिवशी जागा आहे. तोवर जेवा, झोपा, आणि ताई, कृपा करून मोजू नका."

ऑपरेशनच्या सकाळी त्या पेन घेऊन टाचणीच्या डाव्या बाजूला खुणा करायला आल्या. टाचणीने मान वाकडी करून पाहिलं. "डॉक्टर, बाण तिरका आलाय. माझ्या पर्समध्ये खडू आहे, देऊ?"

"माझा बाण तुमच्या गाऊनच्या बाह्यांहून सरळ आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्याही कानावर बाह्यांची गोष्ट गेली होती. टाचणी हसतच आत गेली. दार बंद झालं, आणि मी आईसारखी हसले नाही. मी तिथेच खाली बसून रडले, आणि गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

नाटकाचा पहिला प्रयोग त्याआधीच झाला होता. तिसऱ्या अंकात एका शिपायाने सलाम ठोकायला हात वर केला आणि तो खाली येईना. दोन्ही बाह्या उजव्या होत्या. मी शिवलेला कोट होता तो, त्या सहा दिवसांतला. प्रेक्षकांना वाटलं, विनोदच आहे. कंपनीने मग तो तसाच ठेवला.

ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी अहवाल आला. कडा स्वच्छ, काखेतल्या गाठींत काही नाही. मग रेडिएशन झालं. टाचणी त्या खोलीत दर वेळी मशीनला ‘काय म्हणता, मास्तर’ विचारायची. कातडी उन्हाने भाजल्यासारखी झाली, थकवा आला, तो हळूहळू गेला. गोळ्या मात्र काही वर्षं चालणार आहेत.

काल ती दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, माझे ब्लाउज डावीकडे सैल होतात. नवीन माप घे."

मी आजवर कुणाचं माप घेतलं नव्हतं, ते तिचं काम. पण स्वतःचं माप स्वतः कसं घेणार? मी ट्रायल रूममध्ये दिवा लावला, टेप गळ्यात घातला आणि मापवही उघडली. तिच्याच अक्षरातली ती ओळ तिथे होती, रेडीमेड, आणि पुढे एक हसरा चेहरा काढलेला. मी तिच्याखालीच तारीख घातली.

"हात वर कर."

तिने केले. डाव्या बाजूला आता एक बारीक, स्वच्छ रेघ होती, चांगल्या हाताने घातलेल्या टाक्यांची. कातडी कुठेही आत ओढली जात नव्हती. मी नीट पाहिलं. दोन्हीकडे पाहिलं, काखेतही पाहिलं. मग टेप लावला. टेप माझ्या हातातून सारखा सरकत होता.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"मी हलत नाहीये. श्वास घेतेय."

"घे," मी म्हटलं. "भरपूर घे. मी थांबते."